गेणूला महोदय

पत्र कडक लिहा असं ठकूबाईनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं एवढंच सांगितलं होतं की पत्र परक्याला लिहितात तसं लिहा. आता गेणभाऊ काय परका होता का? पाठचा भाऊ. त्याचं नाक पुसत, त्याला कडेवर घेऊन ती वारूळवाडीच्या मळ्यात हिंडली होती. पण म्हणूनच तर परक्यासारखं लिहायचं होतं.

झालं होतं असं. शाळा ठकूबाईच्या नवऱ्यानं काढलेली आणि जागा ठकूबाईच्या बापानं दिलेली. नवरा गेला तेव्हापासून संस्थेची अध्यक्ष ठकूबाई. कळंबची सून, चौथीतनं शाळा सुटलेली, ती माध्यमिक विद्यालयाची अध्यक्ष कशी, असं विचारणारे नारायणगावात पुष्कळ होते. तिच्या तोंडावर विचारणारा अजून जन्माला यायचा होता.

शाळेचं पुढलं फाटक हायवेवर उघडतं. तिथं टोमॅटोच्या गाड्या मार्केटकडं अशा पळतात की जणू टोमॅटो वाटेतच पिकून सडणार आहेत. म्हणून मुली मागल्या अंगानं येतात, गेणभाऊच्या बांधावरून. बापाच्या वेळेपासूनची वाट. कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी कुणाला लिहून दिलं नाही. आता शाळेची तपासणी लागली आणि त्यात आडमुठा सवाल निघाला: या वाटेला जमीनमालकांची लेखी संमती कुठंय? ती दाखवा, नाहीतर वाट बंद करा आणि मुलींना पुढल्या फाटकानं आणा.

पुढल्या फाटकापाशी एका पोरीचं दप्तर टेम्पोच्या हुकात अडकलेलं ठकूबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पोर वाचली. दप्तर गेलं, एक चप्पल गेली, आणि ठकूबाईची झोप गेली. तेव्हा संमती मिळाली पाहिजे, ह्यात दुसरा विचार नव्हता.

सातबारावर नावं दोन. एक गेणभाऊ. दुसरं सार्थक, म्हणजे थोरला भाऊ भिमाजी वारला त्याचा मुलगा. सार्थक असतो जर्मनीत. पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेला. मराठी बोलतो चुरूचुरू, पण वाचायला दिलं की खडे लागल्यासारखा थांबत थांबत जातो. म्हणून एकच पत्र दोन भाषांत पाठवायचं ठरलं. संस्थेचे वकील फोनवर म्हणाले, "ताई, दोन्ही पत्रं एकसारखी असू द्या. एकात एक आणि दुसऱ्यात दुसरं असं व्हायला नको." ठकूबाईनं ते पदराला गाठ मारल्यासारखं धरून ठेवलं.

मराठी पत्र लिहिलं सुनीलनं. सुनील शाळेचा क्लार्क. सरकारी पत्रं वाचून वाचून त्याची भाषाच तशी झालेली. बायकोकडं चहा माग म्हटलं तरी तो "चहाबाबत विनंती आहे" म्हणेल असा. त्यानं उभं राहून वाचून दाखवलं.

"प्रति, श्री. गेणभाऊ संतू वारुळे. विषय, शाळेच्या मागील वाटेस लेखी संमती मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की..."

पुढं गट नंबर आला, वाटेची रुंदी आली, वाट फक्त मुलींच्या ये-जा करण्यासाठी हे आलं. शेवटी आलं, "सदर संमती मुदतीत प्राप्त न झाल्यास आपली काही हरकत नाही असे गृहीत धरण्यात येईल."

"हे शेवटलं कशाला?" ठकूबाईनं विचारलं.

"ते असतंच बाई. सगळ्या पत्रांत असतं. कोण वाचतंय."

"मग ऱ्हाऊ दे. झकास झालंय. भाऊ-बहिणीचा वास सुदीक येत न्हाई."

तिला हेच पाहिजे होतं. अध्यक्षबाई माहेरच्या नात्यावर संस्था चालवतात, असं एकदा सभेत कुणीतरी मागल्या खुर्चीवरून बोललं होतं. आता फायलीत कुणीही नाक खुपसलं तरी त्याला तिथं बहीण सापडणार नव्हती.

इंग्रजी पत्र लिहिलं स्नेहलनं. स्नेहल ठकूबाईची धाकटी सून, त्याच शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं पाच-सहा ओळींचं पत्र आणलं आणि मराठीत अर्थ सांगितला. "डियर सार्थक. शाळेच्या मागच्या वाटेसाठी तुमची लेखी संमती मागायला हे पत्र लिहिते आहे. मग गट नंबर, रुंदी सगळं जसंच्या तसं. आणि शेवटी, काही विचारायचं असेल तर जरूर कळवा, तुमच्या मदतीबद्दल मनापासून आभार."

ठकूबाईनं चष्मा काढला. "डियर?"

"इंग्रजीत तसंच लिहितात, आई. ऑफिसच्या पत्रातसुद्धा."

"डियर तू तुझ्या नवऱ्याला म्हण. सही माझी हाय. त्या पत्रात महोदय हाय, ह्यात कुठंय? त्यात कळविण्यात येते हाय, ह्यात लिहिते म्हणं. बाजारात भेटल्यावाणी. वकील काय म्हणला? एकसारखं."

"वकिलांनी मजकूर एकसारखा म्हटलंय. मान दोन्ही भाषांत एकाच जागी नसतो, आई. सुनीलभाऊंची भाषा जशीच्या तशी इंग्रजीत नेली तर ती..."

"मान मला तू शिकवू नको. सुनील, तू सांग हिला ओळीनं. ह्या ओळीला ही ओळ, त्या ओळीला ती ओळ."

स्नेहलनं ओठ दाबले आणि टाईप केलं. रिस्पेक्टेड सर. मग 'कळविण्यात येते'साठी हियरबाय आलं. शेवटल्या ओळीपाशी तिची बोटं थांबली. "आई, हे फेलिंग विच, म्हणजे 'न झाल्यास गृहीत धरू'चं वाक्य, नको."

"मराठीत हाय का?"

"आहे."

"मग इंग्रजीतबी व्हय."

ठकूबाईनं दोन्ही पत्रांवर जीभ दातांत धरून सही केली, शिक्का मारायला लावला, आणि मराठी पत्र रजिस्टर पोस्टानं पोच पावतीसह धाडलं. कळंबहून वारूळवाडीला जीपनं गेलं तर शेंगा सोलायच्या आत माणूस पोचतो. पण फायलीला पोच पाहिजे होती. इंग्रजी पत्र मेलनं गेलं.

मग काही दिवस काहीच झालं नाही. गेणभाऊचा फोन नाही. रविवारी तो बाजाराला आला की शाळेत डोकावून जायचा, तोही आला नाही. ठकूबाईला वाटलं, तोडणीचा हंगाम आहे, राबत असेल.

उत्तर आलं ते पोस्टमन घेऊन आला. रजिस्टर. पोच पावतीसह.

सुनीलनं पाकीट फोडलं, वाचलं, आणि परत पाकिटात घातलं.

"वाच की," ठकूबाई म्हणाली.

"बाई, मी टेबलावर ठेवतो."

"माझे डोळे गेलेत का तुझी वाचा गेली? वाच."

सुनीलनं घसा खाकरला. "प्रति, अध्यक्षा, विद्यालय. महोदया, आपले पत्र मिळाले. आपण केलेल्या मागणीबाबत मी कायदेशीर सल्ला घेत असून तोपर्यंत माझ्या जमिनीत कोणत्याही प्रकारचा हक्क सांगू नये. कळावे. आपला विश्वासू, गेणभाऊ संतू वारुळे."

ठकूबाईनं आधी दाराकडं पाहिलं. कोणी ऐकलं तर नाही ना. मग सुनीलच्या हातातल्या कागदाकडं पाहिलं. तिला वाटलं सुनीलनं चुकून दुसऱ्याच कुणाचं वाचलं. तिनं कागद घेतला, नाकाशी धरला. सही गेणूचीच होती. 'ग' ची शेपटी तो लहानपणापासून अशीच लांब ओढायचा, पाटीबाहेर जायची.

"महोदया," ती म्हणाली. "मला?"

सुनीलनं रिकामं पाकीट उलटं करून पाहिलं.

"हक्क? कसला हक्क? मी वाट मागितली."

नवरा गेला तेव्हा तिनं पोरांना सावरलं होतं, डोळ्यांतनं टिपूस काढलं नव्हतं. आणि आता एका कागदानं तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. आपला विश्वासू. ज्याला तिनं पहिल्यांदा उभं राहायला शिकवलं, तो तिचा विश्वासू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जीपनं वारूळवाडीला गेली. कुणाला सांगितलं नाही. वाटेत चौकात उतरून भावजयीसाठी जिलेबी घेतली, नेहमी घ्यायची तशी.

गेणभाऊ अंगणात क्रेट लावत होता. तिला बघून त्यानं क्रेट खाली ठेवला, हात पुसले, आणि डोक्यावरची टोपी नीट केली. "या," तो म्हणाला. "बसा."

ठकूबाईनं मागं वळून पाहिलं. तिला वाटलं तिच्यामागं आणखी कोणी आलंय.

आजपर्यंत ती ह्या घरात आली की ओट्यावर बसायची, पाय पसरून, आणि तिथनंच घरात ओरडायची. आज गेणभाऊनं प्लास्टिकची खुर्ची आणली. ती पुसली. घरातून त्याची बायको सरूबाई आली, पदर डोक्यावरून घेतलेला, हातात ताट, ताटात झाकण घातलेला पाण्याचा ग्लास.

"पाणी घ्या आपण," सरूबाई म्हणाली.

सरूबाई. जिला ठकूबाईनं पहिलं बाळंतपण होईस्तोवर उकडीचं खाऊ घातलं, जी भांडली की "अक्काबाई, तू मधी पडू नगो" म्हणायची. ती सरूबाई खाली बघून ताट धरून उभी होती, जसं तालुक्याहून साहेब आल्यावर उभं राहतात.

ठकूबाईला ग्लास हातात घेवेना. "सरे, डोकं फिरलं का तुझं?" ती म्हणाली.

"न्हाई," गेणभाऊच म्हणाला. "पत्रात जसं हाय तसंच करतोय आमी. तुमी महोदय म्हणला, आपणांस म्हणला, अर्ज आला. आता आलेल्या अध्यक्षांचा मान ठेवाय नको?"

"गेण्या."

"गेण्या कागदावर कुठंय? मी सगळं शोधलं. श्री. गेणभाऊ संतू वारुळे हाय. महोदय हाय. माझी अक्का त्यात न्हाई. खाली सही बघितली तवा कळलं की ही अक्का हाय. पोस्टमन म्हणला, कोर्टाचं हाय का? मी म्हणलं, न्हाई, बहिणीचं हाय. त्यो हसला मला."

"अरे फायलीसाठी..."

"आधी मला वाटलं, असंल बाबा, हापिसची भाषा. ती असतीच तसली. तलाठ्याचं पत्र आलं तरी महोदयच असतंय. मी ते खुंटीला लावलं. मग सार्थकचा फोन आला." गेणभाऊनं आवाज उतरवला. "म्हणला, काका, इंग्रजीत जे आलंय ती सरळ नोटीस हाय. आमच्या कंपनीत माणसाला काढून टाकताना असलं पत्र देत्यात. शेवटी लिवलंय, उत्तर न्हाई दिलं तर हरकत न्हाई असं धरू. म्हणजे गप बसलो तर हक्क गेला. म्हणला, आत्याला वाटणी पायजे असंल तर तसं सांगायचं ना. सर म्हणून कशाला?"

वाटणी.

खुर्चीची दांडी ठकूबाईनं धरली. बाप गेला तेव्हा तिचंही नाव सातबाराला लागलं होतं. भाऊ रजिस्ट्रारकडं घेऊन गेला, तिनं आपल्या वाट्याचं हक्कसोडपत्र करून दिलं. गावात सगळ्याच बहिणी देतात. मग जन्मभर दिवाळीला साडी, आजारपणाला माणूस, आणि माहेरचं दार उघडं. आणि कधीतरी एखाद्या घरात बहिणीचा कागद येतो, महोदय म्हणून, वकिलाच्या भाषेत, आणि ते दार बंद होतं. वारूळवाडीत अशी दोन घरं होती. त्या घरांतल्या बहिणींना ठकूबाईनंच नावं ठेवली होती, मोठ्या आवाजात, लग्नाच्या पंगतीत.

"तुला वाटलं मी वाटणी मागते?" तिनं विचारलं.

"मला न्हाई वाटलं. कागद वाचल्यावर वाटलं."

"हक्कसोडीच्या दिवशी तू मला काय म्हणला व्हता आठवतंय? रजिस्ट्रारच्या दारात म्हणला, अक्का, इथं सही कर. मी केली. वाचली पण न्हाई. तवा मला कुणी महोदया म्हणलं न्हाई."

"तेच म्हणतोय मी," गेणभाऊ म्हणाला, आणि आता त्याचा आवाज फाटला. "अख्खी जमीन सोडली तवा तू-मी चाललं. बांधावरची वाट मागायला महोदय?"

सरूबाईनं ताट खाली ठेवलं. कोंबडी येऊन ग्लासावर चोच मारायला लागली, तिला कुणी हाकललं नाही.

"कागदावर तू लिवता येत न्हाई रं," ठकूबाई म्हणाली. "तपासणीवाले काय म्हणतील. अध्यक्ष लिहिते, चिरंजीव गेणू, बांधावरनं पोरी जाऊ दे?"

"मग तू लिवूच नको."

"मग वाट कशी व्हनार?"

"ते मला काय माहीत. तुमच्या सचिवानं, पारसशेठनं लिवलं असतं तर मी चहा घेत घेत सही केली असती. त्यानं आपण म्हणलं तर मला वाईट वाटायचं कारण न्हाई. त्यो मला आपणच म्हणतो. तू म्हणली की वाईट वाटतं." त्यानं क्रेट उचलला. "जिलेबी आणली असंल तर ठेवून जा. सरू खाईल."

एवढं त्यानं तू म्हटलं, पण ते रागाचं तू होतं. परत जीपमध्ये बसताना ठकूबाईनं तेवढंसुद्धा जपून नेलं.

पारसमल शेठ संस्थेचे सचिव. नारायणगावात त्यांचं कापडाचं दुकान. ठकूबाईच्या नवऱ्याचे जुने दोस्त, तिला वहिनी म्हणणारे. ते संध्याकाळी ऑफिसात आले तेव्हा ठकूबाई खिडकीपाशी बसली होती आणि तोंडातून शब्द काढत नव्हती. तिला असं गप्प बघून शेठजींनी आधी सुनीलला विचारलं, "कुणी गेलं का?"

"तसंच काहीसं," सुनील म्हणाला.

ठकूबाईनं सगळं सांगितलं. स्वतःला न झाकता सांगितलं, कारण झाकायला काही उरलंच नव्हतं. खुर्ची, ग्लास, झाकण, आपण. शेठजी ऐकता ऐकता मान हलवत होते.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "पत्रात चूक नाही. सहीत चूक आहे."

"म्हंजे?"

"हेच पत्र मी गेणभाऊंना लिहिलं तर साधं पत्र होतं. तुम्ही लिहिलंत, म्हणून ती नोटीस झाली. शब्द तेच. आम्ही दुकानदार माणसं, आम्हाला हे रोज करावं लागतं. एकाच उधारीची आठवण कुणाला 'भाऊ' म्हणून द्यायची आणि कुणाला 'कृपया' म्हणून, हे चुकलं की गिऱ्हाईक गेलं."

स्नेहल दारात उभी होती. ठकूबाईनं तिच्याकडं न बघता विचारलं, "आन् इंग्रजी? ते का बिघडलं? तिथं तर तू आणि आपण असं काही न्हाईच म्हणत्यात."

"तिथं एकच शब्द आहे सगळ्यांना," स्नेहल म्हणाली. "म्हणूनच. आपल्याकडं मान शब्दातच असतो. आपण म्हटलं, द्यावी म्हटलं, की मान झाला. मग पुढं कळविण्यात येते, गृहीत धरण्यात येईल, असं कडक लिहिलं तरी माणूस घेतो. तिकडं तो आधार नाही. तिकडं मान मागायच्या रीतीत असतो, तुम्हाला जमेल का, आभारी राहीन, असं. आपला कडक भाग तसाच नेला आणि वर रिस्पेक्टेड सर घातलं, की समोरच्याला वाटतं, हा माणूस लांब उभा राहून दम देतोय."

"तू आधी का न्हाई बोललीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, डियर नवऱ्याला म्हण."

शेठजी खोकल्याच्या निमित्तानं हसले. ठकूबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की खोकला थांबला.

"लिहा मग," ती म्हणाली. "शेठजींच्या नावानं लिहा. दोन्ही पत्रं."

"वकील म्हणाले होते एकसारखी," सुनील भीत भीत म्हणाला.

"गट नंबर, रुंदी, मुलींची ये-जा, कधीपर्यंतची संमती, हे दोन्हीकडं तंतोतंत," स्नेहल म्हणाली. "वकिलांना मी फोन करून विचारलं. ते म्हणाले, बाई, मी तेच म्हणालो होतो. मजकूर एक. बाकी ज्याची त्याची भाषा."

मराठी पत्रातून उपरोक्त गेलं, महोदयही गेलं. वर आलं, श्री. गेणभाऊ वारुळे यांस, स.न.वि.वि. शेजाऱ्याला, ओळखीच्या व्यापाऱ्याला, सोयऱ्याच्या सोयऱ्याला लिहितात तसं. आत होतं, आपल्या बांधावरून मुली वर्षानुवर्षे ये-जा करतात, याबद्दल संस्था आपली ऋणी आहे; त्याच वाटेस आपण लेखी संमती द्यावी, ही विनंती. गृहीत धरण्यात येईल हे वाक्य सुनीलनं स्वतःच खोडलं. त्याच्या हाताला ते जड गेलं, दिसत होतं. इंग्रजी पत्रात स्नेहलनं पुन्हा डियर सार्थक लिहिलं, आणि शेठजींना विचारलं, चालेल ना? शेठजी म्हणाले, "सुट्टीत यायचा तेव्हा माझ्या दुकानातनं रुमाल पळवायचा तो. डियरच बरा."

"एक राहिलं," शेठजी म्हणाले, आणि ठकूबाईकडं न बघता पुढं बोलले. "ठराव घ्यावा लागेल. जमीनमालक अध्यक्षांचे सख्खे भाऊ असल्यामुळे अध्यक्षांनी या विषयाच्या चर्चेत आणि निर्णयात भाग घेतला नाही, असं. त्या वेळी तुम्हाला खोलीत बसता यायचं नाही, वहिनी."

तिच्या नवऱ्याची शाळा. तिच्या बापाची जागा. आणि तिला बाहेर.

"कुठं बसू?" तिनं विचारलं.

"बाहेर बाक आहे."

तो बाक म्हणजे उशिरा येणाऱ्या पोरींना उभं करायची जागा. पण हट्ट तिनंच धरला होता, फायलीत बहीण दिसू नये म्हणून. आता बहीण फायलीत दिसत नव्हती हे खरंच, नि ती खोलीतही बसणार नव्हती.

सभा शनिवारी झाली. सगळे आत गेले, दार लोटलं गेलं, आणि ठकूबाई बाकावर बसली. जाणाऱ्या पोरी तिच्याकडं बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. एकीनं धीर करून विचारलं, "बाई, तुमी लेट आलात का?"

"लई लेट," ठकूबाई म्हणाली. "पळ वर्गात."

आतून शेठजींचा आवाज येत होता. ठराव वाचत होते. तिचं नाव आलं, तिचं पद आलं, मग ती नसल्याचं आलं.

तेवढ्यात मागच्या वाटेनं गेणभाऊ आला. धुतलेली टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. बांधावरून येणाऱ्या पोरींना त्यानं पुढं जाऊ दिलं आणि मग तो ओसरीवर चढला. ठकूबाईनं पदर सावरला. ती उठली नाही. आता हा 'नमस्कार, महोदया' म्हणेल, ह्या भीतीनं तिनं दुसरीकडं तोंड केलं.

गेणभाऊ थांबला. त्यानं लोटलेलं दार पाहिलं, मग बाकावर बसलेली बहीण पाहिली.

"अक्का, तू हितं का बसलीस?"

तिनं दाराकडं बोट केलं.

"तुला भाईर काढलं? कुणी? शेठनं?" तो दाराकडं निघाला. "थांब, बघतो मी. ह्यांची शाळा कुणाच्या जागंत हाय, विचारतो."

"बस खाली," ठकूबाईनं त्याचं मनगट धरलं. "कुणी काढलं न्हाई. तुझ्या विषयाला मी बहीण हाय म्हणून आत बसता येत न्हाई. नेमच तसा हाय."

गेणभाऊला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तो तिच्याशेजारी बाकावर बसला, आपसूक.

"म्हंजे कागदावर आलं का, बहीण म्हणून?"

"आलं. ठरावात आलं. सख्खे भाऊ, असं लिहिलंय."

"ते आधी लिवलं असतं तर," तो म्हणाला, आणि मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाला, "सार्थकनंबी धाडलं म्हणं मेल. शेठला पारस अंकल लिवलंय. मला फोन करून म्हणला, काका, आत्यानं आधी असं का न्हाई लिवलं."

"त्याला सांग, आत्याला इंग्रजी येत न्हाई."

"मराठी तरी कुठं येती तुला."

ठकूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर त्याच्या सात पिढ्या तिनं तिथंच उद्धरल्या असत्या. आता तिनं नुसता त्याच्या टोपीवरचा दोरा काढला. गेणभाऊ उठला, टोपी सारखी केली, दार लोटून आत गेला. आतून त्याचा आवाज आला, अगदी मऊ, अदबीचा: "नमस्कार शेठजी. आपलं पत्र मिळालं." शेठजी म्हणाले, "या, बसावं आपण." दोघांनी एकमेकांना दोन-तीनदा आपण म्हटलं. ते बाकावरून ऐकताना ठकूबाईला कुठं काही टोचलं नाही.

मग दार किलकिलं झालं आणि गेणभाऊचं डोकं बाहेर आलं.

"अक्का, सही राहिलीय माझी. पेन हाय का तुझ्याकडं?"

"हाय," ठकूबाई म्हणाली. "पण परत दे. गेल्या वेळचं अजून दिलं न्हाईस तू."